लिफ्ट दुरुस्त झाली, की होते आहे?

सोसायटीच्या लिफ्टजवळ कधीकधी एक कागद चिकटवलेला दिसतो: ‘द लिफ्ट इज बीन रिपेअर्ड’. पिशव्या घेऊन आलेल्या माणसाला प्रश्न पडतो, की बटण दाबायचे की जिना चढायचा? ‘इज’ सांगते, काम चालू आहे. ‘बीन’ सांगते, काम झाले आहे. लिहिणाऱ्याने दोन वेगवेगळ्या वाक्यांचे अर्धे अर्धे तुकडे जोडलेले असतात.

काम झाले असेल तर ‘हॅज बीन रिपेअर्ड’ आणि चालू असेल तर ‘इज बीइंग रिपेअर्ड’. शाळेत हे पाठ करून घेतात, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगतात. इंग्रजीत सहायक क्रियापद पुढच्या शब्दाचे रूप ठरवते. ‘हॅज’ आले, की पुढे क्रियापदाचे तिसरे रूप हवे. चालू क्रिया दाखवणारे ‘इज’ आले, की पुढच्या शब्दाला ‘इंग’ लागलेच पाहिजे.

आता ‘द मेकॅनिक इज रिपेअरिंग द लिफ्ट’ हे वाक्य घेऊ. लिफ्ट पुढे आणायची, तर मध्ये ‘बी’ हे क्रियापद घालावे लागते. ते ‘इज’च्या लगेच मागे बसते, म्हणून आधी ‘रिपेअर’ला लागलेला ‘इंग’ आता ‘बी’ला लागतो आणि ‘बीइंग’ तयार होते. ‘बी’च्या पुढे आलेले ‘रिपेअर’ मग तिसऱ्या रूपात जाते: ‘रिपेअर्ड’. काम झालेले असेल तेव्हाही हाच क्रम चालतो. ‘हॅज’मुळे ‘बी’चे ‘बीन’ होते आणि ‘बीन’नंतर ‘रिपेअर्ड’ येते. हे एकदा समजले, की ‘इज बीन’ आणि ‘हॅज बीइंग’ या जोड्या अशा वाक्यात का बसत नाहीत, हे वेगळे घोकावे लागत नाही. भरभर बोलताना ‘बीन’ आणि ‘बीइंग’ एकसारखेच ऐकू येतात, म्हणून कानावर विसंबून लिहिणाऱ्याची गफलत होते.

मराठी माणसाची आणखी एक चूक थेट मराठीतून येते. आपण ‘लिफ्ट दुरुस्त झाली आहे’ म्हणतो. दुरुस्त कोणी केली, याचा या वाक्यात मागमूसही नाही आणि तरी ते अगदी सरळ वाटते. तेच मनात ठेवून ‘द लिफ्ट हॅज रिपेअर्ड’ लिहिले, तर अर्थ होतो, लिफ्टने काहीतरी दुरुस्त केले! ‘झाली’चे काम इंग्रजीत इथे ‘बीन’ करते, त्यामुळे ते गाळता येत नाही. मात्र हा नियम सगळ्या क्रियापदांना लागू नाही. ‘प्राइसेस हॅव इन्क्रीज्ड’ हे वाक्य बरोबर आहे, कारण ‘इन्क्रीज’चा अर्थ वाढवणे आणि वाढणे असा दोन्ही होतो. ‘रिपेअर’चा अर्थ मात्र दुरुस्त करणे एवढाच. म्हणून शंका आली, की हे काम आपोआप घडू शकते का, असे विचारून पाहावे.

काळाच्या बाबतीतही मराठी सैल आहे. ‘काल दुरुस्त झाली आहे’ आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आले, की ‘हॅज बीन’ जाते आणि ‘वॉज रिपेअर्ड’ येते. ‘हॅज बीन’ आताच्या स्थितीबद्दल बोलते: लिफ्ट आता वापरता येईल.

गंमत म्हणजे ‘इज बीइंग’ची रचना इंग्रजीतही फार जुनी नाही. पूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ एवढ्यानेच घर बांधले जात आहे, हा अर्थ निघत असे. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी नवी रचना लिखाणात दिसू लागली. रॉबर्ट साउदी या कवीने 1795 मधल्या एका पत्रात दात उपटला जात असल्याचे वर्णन करताना ती वापरली आहे. पुढे कित्येक वर्षे भाषेचे जाणकार तिच्यावर नाराज होते. अमेरिकेतले रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी 1870 मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात तिच्यावर कडाडून टीका केली. तरी लोकांनी ती सोडली नाही, कारण घर स्वतः काही बांधत नाही, हे तिच्यात स्वच्छ दिसते. जुन्या पद्धतीची खूण ‘द फिल्म इज शोइंग’सारख्या वाक्यांत अजून शिल्लक आहे.

एका ठिकाणी मात्र ही साखळी अडखळते. ‘पूल दोन वर्षे बांधला जातो आहे’ हे सांगायला नियमाने ‘हॅज बीन बीइंग बिल्ट’ हवे. व्याकरणात ते बसते, पण इतके अवघड वाटते, की इंग्रजी बोलणारे शक्यतो ते टाळतात. ते म्हणतात, ‘द ब्रिज हॅज बीन अंडर कन्स्ट्रक्शन फॉर टू इयर्स’. आपल्या ‘पुलाचे काम दोन वर्षे सुरू आहे’ या वाक्याला हेच इंग्रजी सर्वांत जवळचे आहे.