काट्यावरचा कापूस आणि चंद्रावरचा माणूस

हंगामात मलकापुरात जिनिंगच्या भुईकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा स्थिरावतो, पावती निघते. कापूस उतरवून गाडी पुन्हा काट्यावर येते आणि भरलेल्या आकड्यातून रिकामा आकडा वजा होतो. गाडी चढण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना, हे शेतकरी आवर्जून बघतो. बघायलाच हवं, पण तेवढ्याने काटा खरा ठरत नाही.

भुईकाट्याच्या पाटाखाली लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा तुकडा, त्यावर बारीक तारेची जाळी चिकटवलेली. भार पडला की पोलाद केसभर दबतं, जाळीचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून आकडा तयार होतो. म्हणजे लोडसेलला कळतो तो फक्त दाब. कापसात द्रव्य किती, म्हणजे त्याचं वस्तुमान किती, हे त्याला थेट कळत नाही. पृथ्वी त्या द्रव्याला किती जोराने खाली ओढते, तेवढंच त्याला जाणवतं, आणि त्या ओढीलाच विज्ञानात वजन म्हणतात.

ही ओढ पृथ्वीवरही सगळीकडे सारखी नसते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्ताजवळ थोडी फुगलेली आहे, त्यामुळे ध्रुवांकडे जावं तशी ओढ वाढते. मलकापूरच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण साधारण ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, तर बर्लिनमध्ये ९.८१३. समजा, बर्लिनमध्ये जुळवलेला काटा तसाच मलकापुरात आणून बसवला. शून्यावर तो अगदी बरोबर दिसेल. पण ३० क्विंटल कापसाला तो सुमारे २,९९२ किलो दाखवेल. दहा किलोच्या टप्प्याने वाचणारा असेल तर २,९९०. ही चूक भाराच्या प्रमाणात वाढते, म्हणून भरल्यातून रिकामं वजा करूनही ती जात नाही.

त्यामुळेच काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवावा लागतो. वैधमापन शास्त्र विभागाच्या पडताळणीत पाटावर प्रमाणित वजनं ठेवतात, वेगवेगळ्या कोपऱ्यांवरही ठेवून बघतात आणि आकडा जुळला तरच शिक्का बसतो. लोखंडाच्या त्या वजनांचं वस्तुमान बर्लिनमध्ये जितकं, तितकंच मलकापुरात. काट्याला जणू सांगितलं जातं, की इथे एवढा दाब म्हणजे एवढे किलो. पावतीवर किलो छापून येतात ते या जुळवणीच्या भरवशावर.

कापसाचं वस्तुमान मात्र खरोखर बदलू शकतं. ओला कापूस वाळला की पाणी उडून जातं आणि द्रव्यच कमी होतं. म्हणून कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा मोजतात. ८ टक्के हा आधार धरतात आणि १२ टक्क्यांपलीकडचा कापूस घेत नाहीत. ही घट कुठल्याही काट्यावर दिसेल. जागा बदलल्याने आकड्यात पडणारा फरक वेगळा. त्यात बोंडातला एक तंतूही कमी झालेला नसतो.

चंद्रावर हा फरक प्रचंड होतो. तिथलं गुरुत्वत्वरण १.६२ आहे, म्हणजे पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकं. अपोलो मोहिमांमध्ये चंद्रावर फिरतानाचा पोशाख पाठीवरच्या संचासह सुमारे ९१ किलोचा होता. आत ७५ किलोचा माणूस धरला तर एकूण वस्तुमान १६६ किलो. मलकापूरचा काटा तिथे नेला तर तो जेमतेम साडेसत्तावीस किलो दाखवेल. पण दोन पारड्यांचा जुना तराजू नेला, एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात १६६ किलोची लोखंडी वजनं ठेवली, तर दांडी आडवीच राहील. दोन्ही बाजूंची ओढ सारखीच घटलेली असते. तराजू तुलना करतो वस्तुमानाची.

अंतराळवीराला हे पायांत कळतं. उभं राहणं हलकं झालेलं असतं, थांबणं मात्र नाही. दोन मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेल्या १६६ किलोंना थांबवायला पृथ्वीवर आणि चंद्रावर सारखंच झटावं लागतं, कारण तो हिशेब वस्तुमानाचा आहे. पण पाय जमिनीला धरतात ते वजनाच्या जोरावर, आणि चंद्रावर ती पकड सहावा हिस्सा उरते. पाय आणि जमीन यांतला घर्षणांक ०.५ धरला, तर घसरत थांबायला पृथ्वीवर सुमारे ४० सेंटिमीटर लागतात आणि चंद्रावर जवळजवळ अडीच मीटर. १९६९ साली चंद्रावर चालून दाखवताना बझ ऑल्ड्रिन यांनी हेच सांगितलं होतं, की पाय नीट शरीराखाली आहेत याची खात्री करायला कधीकधी दोन-तीन पावलं लागतात.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात तर काटा शून्य दाखवतो आणि तराजूही निरुपयोगी ठरतो, कारण माणूस, पारडं आणि यान सगळंच एकत्र पडत असतं. म्हणून १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर स्प्रिंगला जोडलेली खुर्ची होती. अंतराळवीर तिच्यात अंग आवळून बसायचा, खुर्ची सोडली की ती पुढे-मागे हलायची आणि एका हेलकाव्याला लागणारा वेळ मोजला जायचा. वस्तुमान चौपट असेल तर वेळ दुप्पट लागतो. अंग सैल सोडलं की शरीर खुर्चीपासून वेगळं डुलतं आणि मोजणी बिघडते, म्हणून तो घट्ट बांधलेला असायचा.