गळवाला आधी चिरा, मग गोळी

मांडीवर दुखरी गाठ येते. दोन दिवसांत ती लालबुंद होते, चालताना ठणका मारते. घरी पोटीस बांधून होतं, मेडिकलमधून ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या येतात. पाचव्या दिवशी गाठ लिंबाएवढी झालेली असते. 'गोळ्या लागू पडल्या नाहीत' असं म्हणत माणूस डॉक्टरांकडे जातो. पण पू आत कोंडलेला असताना गोळी कुठलीही असली तरी तिचं काम अर्धवटच राहतं.

याचं कारण गळवाच्या रचनेत आहे. मधली पोकळी म्हणजे मेलेल्या पेशी, जंतू आणि त्यांच्याशी लढून संपलेल्या पांढऱ्या पेशी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून येणारं औषध आत पुरेसं झिरपत नाही. तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं आणि जंतूंची वाढ मंदावलेली असते. वाढणाऱ्या जंतूंवर जी औषधं चालतात ती अशा वेळी कमी पडतात. को-ट्रायमॉक्साझोलबाबत आणखी एक अडचण आहे. हे औषध जंतूंना फोलेट तयार करू देत नाही. फोलेटशिवाय थायमिडीन मिळत नाही आणि थायमिडीनशिवाय जंतूला डीएनए बनवता येत नाही. पण पुवातल्या मेलेल्या पेशींमधून तयार थायमिडीन बाहेर पडतं आणि जंतू तेच वापरतो. पू काढला की ही वाट बंद होते.

म्हणून गाठ मऊ पडली, बोटाखाली पाणी भरल्यासारखी हलू लागली की चिरा हवा. शंका असेल तर सोनोग्राफीत पू दिसतो. डॉक्टर भूल देऊन पुरेसा लांब चिरा देतात, आतले कप्पे उपकरणाने मोडतात आणि पोकळी सलाइनने धुतात. आम्लामुळे भूल इथे थोडी कमी लागू होते, त्यामुळे दाबताना दुखू शकतं. लहान पोकळीत गॉज ठासून भरायची गरज बहुधा नसते. पू तपासणीला पाठवायला सांगावं. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, असेल तर वरच्या ॲमॉक्सिसिलिनचा उपयोग नसतो, हे त्या अहवालातच कळतं.

चिरा दिल्यावर गोळी लागतेच का? अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत झालेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा पू काढला. निम्म्यांना सात दिवस को-ट्रायमॉक्साझोल, निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. नुसत्या निचऱ्यानेच 100 पैकी साधारण 74 जण बरे झाले, औषध घेणाऱ्यांतले 81. फायदा खरा आहे, पण मोठा वाटा चिऱ्याचाच आहे. त्यामुळे छोटं, एकटं, नीट निचरा झालेलं गळू असेल आणि माणूस धडधाकट असेल तर गोळी न घेणंही योग्य ठरू शकतं. गळू दोन सेंटिमीटरहून मोठं, भोवती लाली पसरलेली, ताप, मधुमेह, अनेक गळवं, किंवा चेहरा, हात, जननेंद्रियाजवळची जागा असेल तर गोळीचं पारडं जड होतं.

को-ट्रायमॉक्साझोल सल्फा गटातलं आहे. सल्फाची ॲलर्जी, गरोदरपण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन वा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते आधी सांगावं, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. अंगावर पुरळ आला की गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावं. दुसरा पर्याय डॉक्सिसायक्लिन, साधारण 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या गोळीसोबत घेऊ नये. उन्हाने त्वचा भाजू शकते. गरोदरपणात ही टाळतात.

वरच्या उदाहरणातल्या माणसाचं गळू फोडल्यावर डॉक्टरांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली. दोन-तीन दिवसांत लाली रेघेच्या आत यायला हवी. ती बाहेर सरकली, ताप चढला किंवा पू पुन्हा साठू लागला, तर गोळी बदलण्याआधी आत पू राहिला आहे का ते पाहावं लागतं.

घरात काळजी घ्यायची ती मुख्यतः पुवाची. जखम कोरड्या, स्वच्छ पट्टीने झाकलेली असावी, आणि पट्टी भिजली की बदलावी. वापरलेली पट्टी पिशवीत बांधून टाकावी आणि लगेच साबणाने हात धुवावेत. टॉवेल, वस्तरा, लुंगी, चादर आपापली. ती गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी. गळू पिळू नये. वरचेवर गळवं येत असतील तर रक्तातली साखर तपासावी. एमआरएसए नाकात मुक्कामाला राहतो. म्हणून डॉक्टर पाच दिवस म्युपिरोसिन मलम नाकात लावायला आणि क्लोरहेक्सिडीनने अंघोळ करायला सांगतात. हे एकट्याने करण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तर गळवं परत येण्याचं प्रमाण कमी होतं, असं दिसून आलं आहे.