तीन तासांचं गॅदरिंग, तीन मिनिटांत

शाळेच्या गॅदरिंगचं रेकॉर्डिंग बहुतेकदा हॉलच्या मागच्या बाजूला स्टँडवर लावलेल्या एकाच मोबाइलवर झालेलं असतं. दीपप्रज्वलन, सत्कार, माइकची कुईं, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं. त्यातून छोटी फिल्म करायची म्हटलं की प्रत्येक कार्यक्रमाचे दहा-दहा सेकंद उचलून पत्रिकेच्या क्रमाने जोडले जातात. सगळ्यांची हजेरी लागते, पण पुढे काय होणार याची उत्सुकता कुठेच वाटत नाही.

त्यापेक्षा एकच धागा धरावा. तो शोधायला सगळं रेकॉर्डिंग एकदा सलग बघायचं आणि वहीत वेळा टिपायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. समजा, वहीत अशी नोंद झाली: '१:१२:४० – चौथीच्या मुलाच्या हातून लेझीम पडली, उचलली, दोन ठोके चुकवून पुन्हा रांगेत मिसळला. टाळ्या.' फिल्मचा कळस सापडला!

आता मागे यायचं. सुरुवातीचा अर्धा मिनिट याच मुलाचा: तालमीचा एखादा तुकडा (बाईंच्या मोबाइलमध्ये असतोच), मग फेटा सावरत विंगेत उभा असलेला तो. पुढे कोळीनृत्य, नाटुकलं, बक्षिसं भराभर. मग निवांत मिनिटभर लेझीम. लेझीम पडण्यापासून तो रांगेत मिसळेपर्यंत मात्र कुठेही कट नको. तो सावरला हे प्रेक्षकाला सलग दिसलं पाहिजे.

बाकीच्या लेझमीतली आवर्तनं गाळावीच लागतात, आणि घोळ तिथेच होतो. ढोलाचा ठेका मध्येच तुटला की कानाला लगेच कळतं. एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये आवाजाची नक्षी मोठी करून बघितली की प्रत्येक ठोका उंच टोकासारखा दिसतो. आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर कापून पुढच्या एखाद्या पहिल्या ठोक्यालाच जोडायचं. मग डोळे मिटून ऐकायचं. ताल धरलेला पाय अडखळला, तर जोड चुकलाय. मुलं विंगेत दिसत असतानाच ढोल दोन सेकंद आधी सुरू केला, तर छातीतली धडधड आपोआप ऐकू येते.

चित्राला मात्र जोडावर हिसका बसतो, कारण कॅमेरा एकाच जागी आहे. तिथे पालकांचं एखादं दृश्य घालावं. रेकॉर्डिंग 4K असेल आणि फिल्म 1080p मध्ये करायची असेल, तर चौकट दुप्पट जवळ आणूनही चित्र फुटत नाही. मुळातच 1080p असेल, तर चेहरे पिठूळ होतात. टाळ्या दुसऱ्या प्रसंगातून उसन्या घेतल्या तर मी हरकत घेणार नाही. पण लेझीम पडल्यावर दुसरीकडचं हसू जोडणं ही लबाडी झाली.

फिल्म पाठवण्याआधी त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना दाखवावी. ते नको म्हणाले, तर वही उघडून दुसरा कळस शोधायचा. आणि पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक सगळ्या पालकांना वेगळी द्यायची, कारण ज्यांची मुलगी नाटुकल्यात झाड झाली होती, त्यांना ते झाड बघायचं असतं.