लिनक्स टाकताना डिस्कचे भाग कसे पाडायचे? रूट, होम, स्वॅप आणि ईएफआयला किती जागा लागते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट बंद झाले आणि अनेक जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले जाऊ लागले. समजा, राजुऱ्यातल्या एका विद्यार्थ्याकडे ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप आहे. त्यावर फक्त लिनक्स मिंट टाकायचे आहे. २५६ जीबीची डिस्क संगणक २३८ च्या आसपास दाखवतो. ही जागा कशी वाटायची?

ईएफआय : १ जीबी

संगणक सुरू होताना सर्वात आधी हा भाग वाचला जातो. मिंट त्यात फारच थोड्या फायली ठेवते, पण पुढे दुसरे लिनक्स टाकायचे झाले तर १ जीबी पुरते. विंडोजही ठेवायचे असेल तर आधीचाच ईएफआय भाग वापरा. तो फॉरमॅट केला तर विंडोज सुरू होणार नाही.

रूट : ५० जीबी

रूटमध्ये सिस्टिम आणि अॅप्स असतात. मिंट २० जीबीतही बसते, पण फ्लॅटपॅक अॅप्स आणि टाइमशिफ्टच्या प्रतीही सहसा इथेच साठतात. रूट भरले की अपडेट अडतात, कधी कधी लॉगिनही होत नाही. म्हणून अधूनमधून हे पाहावे:

```
df -h / /home
```

`Use%` ९० च्या पुढे गेले, तर आधी टाइमशिफ्टच्या जुन्या प्रती काढाव्यात.

स्वॅप : १० जीबी

रॅम कमी पडली की स्वॅप मदतीला येतो. त्यासाठी २ ते ४ जीबी पुरतात. पण हायबरनेट करताना रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये लिहिला जातो, म्हणून स्वॅप रॅमपेक्षा थोडा मोठा हवा. हायबरनेट नको असेल तर वेगळा भाग करायची गरज नाही, स्वॅप फाइल पुरते.

होम : उरलेले सुमारे १७७ जीबी

फोटो, नोट्स, प्रोजेक्ट, ब्राउझरची सेटिंग हे सगळे इथे असते. होम वेगळे ठेवण्याचा खरा फायदा सिस्टिम बिघडल्यावर कळतो. पुन्हा इन्स्टॉल करताना `Something else` निवडायचे, रूट फॉरमॅट करायचे आणि जुन्या होमला फक्त `/home` हे नाव द्यायचे. त्याच्यासमोरच्या फॉरमॅटच्या चौकटीत खूण करायची नाही. वापरकर्त्याचे नावही जुनेच ठेवले की फायली जागच्या जागी सापडतात. ती एक खूण चुकून झाली, तर सगळे जाते. त्यामुळे आधी पेन ड्राइव्हवर प्रत घ्यावीच.

वेगळे होम कधी नको?

डिस्क १२८ जीबी किंवा लहान असेल तेव्हा. रूट भरते आणि होममध्ये जागा रिकामी पडून राहते, असे तिथे सहज होते. नंतर भागांच्या सीमा हलवायच्या तर लाइव्ह यूएसबीवरून काम करावे लागते. त्याला तासन् तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. अशा डिस्कवर रूट आणि होम एकत्रच ठेवावे.