जुन्या बिलावर जुनाच भाव

22 सप्टेंबर 2025 रोजी शाम्पूवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. समजा, ऑगस्टमध्ये दुकानदाराने मूळ 100 रुपयांची बाटली करासह 118 रुपयांना विकली आणि गिऱ्हाईक ती ऑक्टोबरमध्ये परत घेऊन आलं. बिलाच्या सॉफ्टवेअरने जुनं बिल उघडलं, तर त्यावर 105 रुपये! गिऱ्हाइकाच्या हातातला कागद मात्र 118 च सांगतो.

कारण साधं आहे. बिलात फक्त मालाचा क्रमांक साठवला होता. भाव आणि कर दर वेळी मालाच्या यादीतून उचलले जात होते. यादी बदलली आणि मागची सगळी बिलंही बदलली.

यादीत प्रत्येक भावापुढे ‘कधीपासून’ ही तारीख ठेवली तर त्या दिवशीचा छापील भाव सापडतो. पण काउंटरवर घासाघीस होऊन सुटलेले पाच रुपये तिथे कुठून दिसणार? म्हणून विक्रीच्या क्षणी भाव, सूट आणि कराचा दर बिलाच्या प्रत्येक ओळीतच उतरवून ठेवावा लागतो. परतीची क्रेडिट नोटही त्याच जुन्या, 18 टक्के दराने निघते.

सॉफ्टवेअर घेण्याआधी एखाद्या वस्तूचा भाव बदलून तिचं जुनं बिल पुन्हा छापून बघा. आकडा हलला, तर ते घेऊ नका.