दोन बदके, एक कासव आणि शब्दांची यादी

बडबड्या कासवाची गोष्ट मराठी मुलांना शाळेच्या आधीपासून पाठ असते. तळे आटते, दोन पक्षी काडीची दोन टोके चोचीत धरतात, कासव मधोमध दातांनी लोंबकळते, खालची माणसे ओरडतात, कासवाला राहवत नाही, ते तोंड उघडते आणि संपते. अरबी शिकणाऱ्या मध्यम पातळीच्या विद्यार्थ्यापुढेही ही गोष्ट बऱ्याचदा येते. पानभर मजकूर, शेवटी बोध आणि खाली कठीण शब्दांची यादी, असा धड्याचा ठरलेला साचा.

गोष्ट अरबीत गेली ती आपल्याच पंचतंत्रातून, पण थेट नाही. सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रो अनुशिरवान याच्या पदरी असलेल्या बुर्झोय या वैद्याने ती पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकाच्या मध्याला इब्न अल्-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखकाने पहलवीवरून अरबी ग्रंथ केला, तोच ‘कलीला व दिम्ना’. ही दोन नावे म्हणजे पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे. पहलवी प्रत पुढे हरवली, अरबी टिकली. या प्रवासात कासवाचे ‘कम्बुग्रीव’ हे नाव गळाले, हंसांची बदके झाली आणि कासव स्त्रीलिंगी झाले, कारण अरबीत ‘सुलह्फात’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे.

शिक्षकांना ही गोष्ट आवडण्यामागे व्याकरणाचे कारणही आहे. बदके दोन आहेत, आणि अरबीत द्विवचन जिवंत आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्याला ‘देवः, देवौ, देवाः’ आठवत असेल, तर त्याला हे चटकन उमगते. मराठीने मात्र ते केव्हाच सोडून दिले. एक बदक ‘बत्ता’, दोन बदके कर्ता असतील तर ‘बत्ततान’. पण ‘दोन बदकांच्या मध्ये’ म्हणायचे तर ‘बैन बत्ततैन’, कारण शब्दयोगी अव्ययानंतर ‘आन’चे ‘ऐन’ होते. क्रियापदाची आणखी गंमत आहे. ‘उडाली’ हे क्रियापद वाक्यात बदकांच्या आधी आले, तर ते ‘तारत’ असे एकवचनीच राहते. बदके आधी आणि क्रियापद नंतर आले, तर ‘तारता’ असे द्विवचनी रूप लागते. ज्याला हा नियम माहीत नाही तो पहिल्या परिच्छेदातच गोंधळतो: उडाले एक की दोन? आणि रोजच्या बोलीभाषांमध्ये नामाचे द्विवचन उरले असले, तरी क्रियापदाचे मावळले आहे. म्हणजे कैरोत किंवा दुबईत चार वर्षे काढून अरबी बोलणारालाही इथे पुस्तकच उघडावे लागते.

खरी परीक्षा शब्द शोधताना होते. एरवीच्या अरबी मजकुरात ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. ‘ह-म-ल-त’ एवढीच अक्षरे दिसली तर ती ‘हमलत’ म्हणजे तिने वाहून नेले, ‘हमल्तु’ म्हणजे मी नेले, ‘हमल्त’ म्हणजे तू (पुरुषाने) नेले किंवा ‘हमल्ति’ म्हणजे तू (स्त्रीने) नेलेस, यांपैकी काहीही असू शकते. अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत सगळे स्वर दिलेले असतात. मध्यम पातळीवर चांगला संपादक फक्त अडेल तिथेच खूण ठेवतो, बाकीचे वाचकाने संदर्भावरून ओळखायचे. एवढे करूनही शब्द अडला, तर कोश उघडावा लागतो. हान्स वेअर यांचा 1952 साली निघालेला अरबी–जर्मन कोश आणि त्याची 1961ची इंग्रजी आवृत्ती विद्यार्थ्यांत सर्वाधिक वापरात आहे. तो कोश शब्दाच्या पहिल्या अक्षराने लावलेला नाही, धातूने लावलेला आहे. ‘तहमिलान’ (तुम्ही दोघे वाहून नेता) हा शब्द ‘त’मध्ये शोधणारा रिकाम्या हाताने परततो. पुढचा ‘त’ आणि मागचा ‘आन’ काढून ‘ह-म-ल’ मिळवायचा, मग पान सापडते.

या गोष्टीत असे दोन शब्द हमखास दगा देतात. कासव पडते तेव्हा ‘वकअत’. त्याचे वर्तमानकाळी रूप ‘यकउ’ होते, म्हणजे सुरुवातीचा ‘व’ गायब होतो. कोशात मात्र तो ‘व’मध्येच असतो. दुसरा शब्द ‘फाहा’, म्हणजे ‘तिचे तोंड’, कर्म म्हणून आलेले. तोंडाचा नेहमीचा शब्द ‘फम’, पण जोडणीत जुने रूप ‘फू, फा, फी’ असे बदलते. ‘फाहा’वरून ‘फम’पर्यंत पोचण्याचा रस्ता विद्यार्थ्याला आपणहून सापडणे कठीण, तो शब्दसूचीनेच दाखवायला हवा.

म्हणून अशा धड्याखालची यादी शब्दाला अर्थ चिकटवून भागत नाही. नीट केलेल्या सूचीत या गोष्टीच्या नोंदी साधारण अशा दिसतात:

सुलह्फात, अनेकवचन सलाहिफ: कासव (स्त्री.)
गदीर, अनेकवचन गुद्रान: डबके, लहान तळे
हमल, यहमिलु, क्रियानाम हम्ल: उचलून नेणे
वकअ, यकउ, क्रियानाम वुकूअ: पडणे (धातू व-क-अ)
फम, अनेकवचन अफवाह: तोंड, मजकुरात ‘फाहा’
अजब: आश्चर्य, नवल

नामाला अनेकवचन द्यावेच लागते, कारण ‘गदीर’वरून ‘गुद्रान’ होईल हे कोणत्याही नियमाने खात्रीने सांगता येत नाही. शब्दाच्या आतलेच स्वर बदलतात. क्रियापदाला भूतकाळ, वर्तमानकाळ आणि क्रियानाम अशी तीन रूपे हवीत. मधला स्वर ‘यहमिलु’सारखा ‘इ’ आहे की ‘यकउ’सारखा ‘अ’, हे सांगितल्याशिवाय समजत नाही.

यादीच्या शेवटच्या दोन ओळी मराठी वाचकाच्या ओळखीच्या निघाव्यात. ‘अजब’ तर आपण रोज म्हणतो. आणि ‘अफवाह’ म्हणजे ‘तोंडे’, तीच आपल्याकडे फारसीमार्गे ‘अफवा’ होऊन आली. पक्षी ज्यातून उडतात ती ‘हवा’ही अरबीच. पण ओळखीचा शब्द फसवतोही. मराठीत अफवा एकच पसरते आणि तिचा अर्थ खोटी बातमी. अरबीत ‘अफवाह’ हे बहुवचन आहे आणि त्याचा साधा अर्थ तोंडेच. अशा शब्दांना सूचीत जागा दिली नाही, तर मराठी किंवा उर्दू जाणणारा त्यावरून बेधडक पुढे जातो.

बोधाचे काय? पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘जीभ आवरा’ एवढेच लिहिलेले सापडते. मूळ ठिकाणी मात्र ही गोष्ट एक टिटवी आपल्या नवऱ्याला सांगते. समुद्राशी वैर घेऊ नकोस, हितचिंतकाचे ऐक, असे ती बजावते आहे. पंचतंत्रातही तसेच आहे आणि ‘कलीला व दिम्ना’तही. तिथे कासवाचा दोष बोलण्याचा नाही, मित्रांनी आधीच दिलेली ताकीद विसरण्याचा आहे. याउलट पाली जातकांत हीच गोष्ट एका बडबड्या राजाला सुनावण्यासाठी येते, तिथे बोध जिभेचाच आहे. तेव्हा अरबी धड्याखाली ‘जीभ आवरा’ छापणाऱ्याने कथा टिटवीच्या तोंडून काढून घेतली आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. विद्यार्थ्याला दोन्ही बोध सांगून कोणता मजकुरात बसतो ते शोधायला लावले, तर धडा पुन्हा एकदा वाचून होतो, आणि या वेळी शब्द शोधण्यासाठी नाही.

अरबी शिकायला पुस्तक घेणाऱ्याने आधी गोष्ट वाचू नये, मागची यादी उघडावी. नामांपुढे अनेकवचन आणि क्रियापदांपुढे वर्तमानकाळ नसेल, तर ते पुस्तक दुकानातच ठेवावे.