गप्प झालेले आजोबा

खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री आजोबा गप्प पडून होते. "शांत झोपलेत," मुलगा म्हणाला. मला शंका आली.

वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू वर्ष विचारलं. मग डिसेंबरपासून महिने उलटे. ऑक्टोबरलाच अडकले. सकाळी तर छान बोलत होते! असा अचानक बदल म्हणजे डिलिरियमची दाट शंका. (आरडाओरडा करणारा पेशंट लक्षात येतो, गप्प पडलेला सुटतो.)

डॉक्टरांना कळवलं आणि यादी धरली: ऑक्सिजन, साखर, ताप, दुखणं, लघवी, शौच, नवी औषधं. ओटीपोट फुगलेलं होतं. कॅथेटरने 800 मिली लघवी निघाली. चष्मा, कानाचं यंत्र परत लावलं. हात बांधले नाहीत.

मुलाला सांगितलं, "हे वेड नाही. वाद घालू नका, कुठे आहेत ते सांगत राहा. उतरायला काही दिवस लागतील."